‘ओहायोऽ’ला ‘गोझाइमास’ जोडतात, मग ‘कोन्निचिवा’ला का नाही?

माझी भाची पुण्यात जपानी शिकायला लागली. पहिल्या आठवड्यात वर्गात अभिवादनाचे शब्द पाठ करून घेतले. सकाळी ‘ओहायोऽ’, दुपारी ‘कोन्निचिवा’, आभार मानायला ‘आरिगातोऽ’, निरोपाला ‘सायोऽनारा’. मोठ्या माणसांशी बोलताना ‘ओहायोऽ’ आणि ‘आरिगातोऽ’पुढे ‘गोझाइमास’ लावायचं, हेही सांगितलं. तिने साहजिकच ‘कोन्निचिवा गोझाइमास’ असं म्हटलं आणि बाईंनी ते खोडलं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तसं म्हणत नाहीत.’ त्याच आठवड्यात तिला एक ढकलसंदेशही आला होता: ‘आरिगातोऽ’ हा मूळ पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ आहे म्हणे. या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो, म्हणून हा लेख.

आधी तो संदेश. पोर्तुगीज जपानला पोचले 1543 साली, तानेगाशिमा बेटावर. त्यांचे काही शब्द जपानीत खरोखर रुजले. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात, आणि आपला पाव व त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दावरून आले आहेत. त्यामुळे ‘आरिगातोऽ’ची गोष्ट खरी वाटते. पण इ. स. 1000च्या सुमारास क्योतोच्या राजदरबारात सेइ शोनागोन नावाच्या बाईंनी टिपणं लिहिली, त्यांत ‘आरिगाताकि मोनो’ अशी एक यादीच आहे. म्हणजे ‘दुर्मीळ गोष्टी’. सासऱ्याने वाखाणलेला जावई, सासूची लाडकी सून, केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा! पोर्तुगीज येण्याआधी पाचशे वर्षं हा शब्द जपानीत नांदत होता. ‘आरि’ म्हणजे असणं, ‘गाताइ’ म्हणजे कठीण. जे असणं कठीण, ते दुर्मीळ, म्हणून मोलाचं, म्हणून आभार.

मग ‘आरिगाताइ’चं ‘आरिगातोऽ’ कसं झालं? मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हा भाग, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

जपानीत विशेषणं क्रियापदासारखी रूपं बदलतात. ‘ओहायोऽ’च्या मुळाशी असलेला ‘हायाइ’ म्हणजे लवकरचा. त्याच्यापुढे दुसरं क्रियापद यायचं असेल तर ‘हायाकु’ होतं, आपल्या ‘लवकर’सारखं. तसंच ‘आरिगाताइ’चं ‘आरिगाताकु’. आता ‘हायाकु’ भरभर म्हणत राहा. दोन स्वरांमध्ये अडकलेला ‘क’ ढिला पडतो आणि गळतो. उरतं ‘हायाउ’. हे आपल्याला नवं नाही. संस्कृतातल्या ‘कुंभकार’मधला दुसरा ‘क’ असाच गळला आणि आपला ‘कुंभार’ तयार झाला.

पुढची पायरी शाळेतल्या संधीच्या धड्यातली आहे. महा अधिक उत्सव म्हणजे महोत्सव. ‘आ’ आणि ‘उ’ शेजारी आले की ‘ओ’. जपानी तोंडातही तेच झालं. ‘हायाउ’चं ‘हायोऽ’, ‘आरिगाताउ’चं ‘आरिगातोऽ’. अभिनंदनाचा ‘ओमेदेतोऽ’ही ‘मेदेताकु’वरून याच वाटेने आला. ‘ओहायोऽ’ आणि ‘ओमेदेतोऽ’ यांतला आरंभीचा ‘ओ’ मात्र वेगळा आहे, तो आदर दाखवायला जोडलेला उपसर्ग.

या प्रवासातली मधली पायरी कागदावर सापडते, आणि ती लिहून ठेवली पोर्तुगीज पाद्र्यांनीच. 1603 साली नागासाकीत त्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात ‘आउ’पासून आलेल्या दीर्घ ‘ओ’ला एक खूण आहे आणि इतर दीर्घ ‘ओ’ला दुसरी. कारण पहिला उच्चार तेव्हा आपल्या ‘ऑफिस’मधल्या ‘ऑ’सारखा उघडा होता. पुढे दोन्ही एक झाले. पाद्र्यांनी जपान्यांना ‘आरिगातोऽ’ दिला नाही, पण त्यातला ‘ओ’ कसा घडला याचा पुरावा मात्र दिला.

इथे एक सांगायलाच हवं. कुंभार आणि महोत्सव यांची उदाहरणं वाचून कोणी ‘बघा, जपानीही संस्कृतातून निघाली’ असा नवा संदेश पाठवू नये. स्वरांमधला ‘क’ गळणं आणि ‘आउ’चा ‘ओ’ होणं हे माणसाच्या जिभेचे सोयीचे रस्ते आहेत. एकमेकांशी नातं नसलेल्या भाषाही त्यांवरून जातात.

‘क’ गाळायची ही लकब पश्चिमेची, क्योतोकडची. तोक्योत आजही ‘हायाकु’च म्हणतात. पण ‘गोझाइमास’ हे दरबारी वळणाचं नम्र क्रियापद, आणि त्याच्यासोबत क्योतोकडचं रूपही प्रमाण भाषेत आलं. ताळा करून पाहायचा तर ‘ताकाइ’ म्हणजे महाग हा शब्द घ्या. साध्या बोलण्यात ‘महाग नाही’ला ‘ताकाकु नाइ’ म्हणतात, तिथे ‘क’ शाबूत आहे. पण अतिनम्रपणे ‘महाग आहे’ म्हणायचं तर ‘ताकोऽ गोझाइमास’. म्हणजे ‘ओहायोऽ’चा शेवट पाहूनच कळतं की त्याच्यामागे एक ‘गोझाइमास’ होतं. मित्राला नुसतं ‘ओहायोऽ’ म्हणतो तेव्हा आपण वाक्य अर्ध्यावर सोडत असतो.

‘गोझाइमास’ म्हणजे ‘आहे’, फार आदबीने म्हटलेलं. शेवटचा ‘सु’ लिहितात, पण त्यातला ‘उ’ जवळजवळ ऐकू येत नाही. ही आदब कोणासाठी, हे मराठी माणसाने नीट पाहावं. ‘आजोबा आले’ यात आदर आजोबांना आहे, ऐकणारा कोणीही असो. जपानी ‘मास’ ऐकणाऱ्यासाठी असतो. पाऊस पडतोय एवढं सांगतानाही समोर कोण आहे त्यावर क्रियापदाचा शेवट बदलतो. आपण हे काम ‘पाऊस पडतोय रे’, ‘पडतोय गं’, ‘पडतोय हो’ असं शेवटी अक्षर जोडून करतो. मराठीत ते ऐच्छिक आहे. जपानीत साधं की नम्र हे ठरवल्याशिवाय क्रियापद पूर्णच होत नाही.

आता भाचीचा प्रश्न सुटतो. ‘कोन्निचि’ म्हणजे आजचा दिवस. ‘वा’ हा विषय मांडणारा प्रत्यय, साधारण आपल्या ‘तर’सारखा. म्हणून तो लिहिताना ‘हा’चं अक्षर वापरतात, जसं हा प्रत्यय नेहमी लिहितात. ‘आज तर…’ एवढं म्हणून वाक्य थांबतं. पुढचं ‘हवा छान आहे’ वगैरे कधीच गळून पडलं. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि आदब क्रियापदात बसते. इथे क्रियापदच नाही, तर ‘गोझाइमास’ टेकवायचं कुठे? त्यामुळे हा शब्द सगळ्यांना एकाच पातळीवर, थोडा परका राहतो. घरच्या माणसांना कोणी ‘कोन्निचिवा’ म्हणत नाही. (उच्चारात दोन्ही ‘न’ हवेत आणि पहिल्यावर पूर्ण एक ठेका थांबायचं. आपल्याकडची नवी मुलं ‘कोनिचिवा’ म्हणतात तेव्हा तो ठेका हरवतो.)

‘सायोऽनारा’चंही तसंच. मूळ ‘सायोऽनाराबा’, म्हणजे ‘तसं असेल तर…’. फोन ठेवताना आपण ‘बरं, मग…’ म्हणतो तसं. इथेही वाक्य पूर्ण करणारं शेवटचं क्रियापद नाही, म्हणून पायरी चढवता येत नाही. शिवाय त्यात दूर जाण्याची छटा आहे, म्हणून मित्र ‘जा, माता’ म्हणतात, ‘बरं, पुन्हा भेटू’ या अर्थाने. ऑफिसातून सहकाऱ्यांच्या आधी निघणारा म्हणतो, ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’, म्हणजे तुमच्या आधी निघण्याचा अविनय करतो. इथे ‘शिमास’ हे क्रियापद आहे, म्हणून आदबही आहे. बरोबरीच्या माणसाला ते गाळून नुसतं ‘ओसाकि नि’ म्हटलं तरी चालतं.