आहारनोंद ॲप

दिवसभरात खाल्लेल्या पदार्थांची मोबाइलवर नोंद घेऊन त्यांतील ऊर्जा व पोषकद्रव्ये यांचा हिशेब मांडणारी संगणकप्रणाली. वापरणारा पदार्थ व त्याचे प्रमाण निवडतो; ॲप आपल्या कोष्टकातून कॅलरी, प्रथिने, कर्बोदके व मेद यांचे आकडे काढते आणि ठरलेल्या दैनंदिन मर्यादेशी ताडून दाखवते. ‘कॅलरी’ हा शब्द येथे रूढ अर्थाने, म्हणजे किलोकॅलरी या अर्थी वापरला आहे.

उष्णतेचे हे एकक प्रथम कोणी मांडले याविषयी मतभेद आहेत. पूर्वी त्याचे श्रेय फाव्र व झिल्बरमान यांच्या १८५२ च्या सुमाराच्या लेखनाला दिले जाई. पॅरिसमध्ये १८१९ ते १८२४ या काळात निकोला क्लेमाँ यांनी उष्णता-यंत्रांवर दिलेल्या व्याख्यानांत किलोकॅलरीच्या अर्थाने ते आढळते, असे अलीकडे दाखवण्यात आले असून ते मत अधिक ग्राह्य वाटते. आहारशास्त्रात हे एकक रुजवण्याचे काम प्रामुख्याने अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांचे. वजन कमी करण्यासाठी कॅलरी मोजण्याची प्रथा अमेरिकेतील घरांत पोचली ती बहुधा लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या १९१८ मधील पुस्तकाने. कागदावरची ही वही फोनवर आली ती मायफिटनेसपॅल (२००५) आणि भारतात हेल्दीफायमी (२०१२) यांसारख्या सेवांमुळे.

आकडे कोठून येतात : ॲपमधील ऊर्जेचा आकडा सहसा प्रत्यक्ष मोजलेला नसतो, तो गुणाकाराने काढलेला असतो. एक ग्रॅम प्रथिनाला ४, कर्बोदकाला ४ व मेदाला ९ कॅलरी हे ॲटवॉटर यांचे गुणक आजही वापरात आहेत. मिश्र आहाराची सरासरी म्हणून ते चांगले आहेत. एकेका पदार्थाला लावले की चुकू शकतात. अमेरिकी कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेने २०१२ मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगात २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या. गुणकांनुसार हा आकडा १७० च्या आसपास येतो. कठीण पेशीभित्तीत अडकलेले तेल न पचताच बाहेर पडते, हे त्याचे कारण. शेंगदाण्यांतही हाच प्रकार कमीअधिक दिसतो. मूठभर दाण्यांतले तेल आणि तितकेच गाळलेले तेल ॲपला सारखे वाटते, आतड्याला मात्र तसे नसते.

भारतीय पदार्थांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. येथील कोष्टकांची परंपरा कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये निघालेल्या ॲक्रॉइड यांच्या पुस्तिकेपासून सुरू होते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ मध्ये गोपालन व सहकाऱ्यांची कोष्टके प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टके काढली. जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ कॅलरी आहेत, नव्या कोष्टकात सुमारे ३३४; गव्हाच्या पिठाला अनुक्रमे ३४१ व सुमारे ३२०. धान्य बदलले म्हणून हा फरक पडला असे सहज वाटेल, पण मोठा वाटा पद्धतीचा दिसतो. जुन्या पद्धतीत पाणी, प्रथिने, मेद, राख व ‘कच्चा तंतू’ वजा जाता जे उरे ते कर्बोदक धरले जाई, आणि कच्चा तंतू मोजण्याच्या रीतीत तंतूचा बराच भाग निसटे. ज्वारीत तो १.६ ग्रॅम भरला होता. एकूण आहारतंतू मोजल्यावर तो १० ग्रॅमच्या वर गेला. म्हणजे पूर्वी तंतूचा काही भाग पिठुळ पदार्थ म्हणून मोजला जात होता. अनेक ॲपमध्ये ही दोन्ही कोष्टके, अमेरिकी कोष्टके आणि वापरणाऱ्यांनी स्वतः भरलेल्या नोंदी एकत्र नांदतात. एकाच ‘ज्वारीची भाकरी’ या नावाखाली चार वेगळे आकडे दिसतात ते त्यामुळे. निवड करायचीच झाली तर २०१७ ची कोष्टके अधिक विश्वसनीय समजावीत.

घरच्या ताटाचा हिशेब : तरीही शंभर ग्रॅमला १५ कॅलरींचा हा वाद स्वयंपाकघरातील अनिश्चिततेपुढे किरकोळ ठरतो. दोन भाकरी आणि वाटीभर पिठले असे दुपारचे जेवण घेऊ. भाकरीला लागणारे कोरडे पीठ हातागणिक बदलते. ६० ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे २०० कॅलरींची, तर ९० ग्रॅमची ३०० ची. म्हणजे दोन भाकरींत ४०० किंवा ६००. चौघांच्या पिठल्याला १०० ग्रॅम बेसन धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला बेसनाच्या साधारण ८५ कॅलरी येतात. फोडणीला दोन मोठे चमचे तेल असेल तर तेलाच्या माणशी ६० आणि चार चमचे असेल तर १२०. सगळे मिळून हे ताट ५४५ कॅलरींचे असू शकते किंवा ८०५ चे. ॲपमध्ये मात्र दोन्ही घरांत ‘भाकरी २, पिठले १ वाटी’ एवढेच लिहिले जाते आणि एकच आकडा उमटतो.

वजन आठवड्याला अर्धा किलो घटवण्यासाठी ॲप बहुधा रोज ५०० कॅलरींची तूट सुचवते. एका जेवणातील २६० कॅलरींची संदिग्धता त्या तुटीच्या निम्म्याहून अधिक आहे. भाताची नोंद कच्च्या तांदळाच्या नावाखाली झाली तर चूक अडीच-तीन पटींची होते, कारण शिजताना पाणी पिऊन तांदळाचे वजन तितके पट होते. खर्चाची बाजूही तितकीच ढिली असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये तपासलेल्या मनगटी उपकरणांपैकी सर्वांत अचूक उपकरणाचीही कॅलरीखर्चातील सरासरी चूक सुमारे २७ टक्के निघाली. म्हणून घड्याळाने ‘कमावलेल्या’ ३०० कॅलरी संध्याकाळच्या खाण्यात जमा धरू नयेत, आणि न कमावल्याबद्दल जेवणही कापू नये.

मर्यादित वापर : एवढ्या चुका असूनही नोंद निरुपयोगी ठरत नाही, कारण एकाच घरात तीच चूक रोज साधारण सारखीच होते. एखादी व्यक्ती तीन-चार आठवडे सरासरी १,७०० कॅलरी नोंदवते आणि वजन स्थिर राहते, तर तिच्या नोंदवहीपुरता १,७०० हा समतोलाचा आकडा झाला; प्रत्यक्षात तो १,९५० असला तरी बिघडत नाही. बदल या आकड्याच्या तुलनेत मोजावा, ॲपने सूत्रावरून ठरवलेल्या लक्ष्याच्या तुलनेत नव्हे. यासाठी आपल्या घरची वाटी, भाकरी आणि तेलाचा चमचा एकदाच वजनकाट्यावर मोजून ठेवणे पुरते. रोज ताट तोलण्याने अचूकता फारशी वाढत नाही. आकडे पन्नासाच्या पटीत लिहावेत आणि दिवसाऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. लग्नाची पंगत किंवा दिवाळीचा फराळ नोंदवलाच पाहिजे असे नाही. सलग दिवसांची साखळी मोडल्याचे इशारे व मर्यादा ओलांडल्यावर येणारा लाल रंग बंद करता येत असेल तर बंद करावा. तीन-चार आठवड्यांत नाश्त्यात प्रथिने नाहीत किंवा चहाची साखर दिवसाला आठ चमचे होते, असे काही ठळक दिसून येते. तेवढे कळल्यावर वही मिटावी. इन्शुलिनची मात्रा कर्बोदकांवरून ठरवणाऱ्या मधुमेहींची गोष्ट वेगळी. त्यांना मोजणे सोडता येत नाही.

अपायाचा प्रश्न : ही ॲप खाण्याचे विकार निर्माण करतात की मुळात तसा कल असलेली माणसे त्यांच्याकडे ओढली जातात, यावर एकमत नाही. विकाराचे निदान झालेल्या १०५ व्यक्तींच्या २०१७ मधील अमेरिकी पाहणीत सुमारे तीन चतुर्थांशांनी असे ॲप वापरले होते आणि त्यांपैकी ७३ टक्क्यांना ते आपल्या विकाराला कारणीभूत ठरले असे वाटत होते. उलट, विकाराचा धोका कमी असलेल्या महाविद्यालयीन तरुणींवरील २०२१ मधील यादृच्छिक चाचणीत महिनाभराच्या नोंदीने तसा परिणाम दिसला नाही. पहिल्या पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. दुसरीत धोक्यातील मुली वगळलेल्या होत्या आणि काळ थोडा होता. दोन्ही एकत्र वाचली असता, ॲप सर्वांना अपाय करत नाही पण ज्यांना करते त्यांना गंभीरपणे करते, हे मत पटण्याजोगे आहे.

दुसरा धागा उपासमारीचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४–४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले. त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटावर तासन्‌तास रेंगाळू लागले. त्यांच्या हाती कोणतेही ॲप नव्हते. म्हणजे अन्नाचा ध्यास हा पुष्कळदा कमी खाण्याचाच परिणाम असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज १,६६० कॅलरी आहे. तिने ५०० ची तूट धरली तर हाती १,१६० उरतात. अशा आकड्यावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या स्त्रीचे चित्त अन्नात गुंतले, तर तो तिच्या स्वभावाचा दोष मानू नये.

बिघाडाची चिन्हे : पहिले चिन्ह बहुधा खाण्याच्या निवडीत दिसते. घरच्या आमटीचा आकडा सांगता येत नाही म्हणून पाकिटावर आकडे छापलेले पदार्थ बरे वाटू लागतात. मग फोडणीचे तेल आईने चमच्याने मोजावे असा हट्ट सुरू होतो, नातेवाइकांकडे जेवणे टळते, ‘मी जेवून आलेय’ हे खोटे उत्तर सवयीचे होते. भूक लागली तरी आकडा संपला म्हणून न खाणे, आणि भूक नसताना आकडा उरला म्हणून खाणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच बोलक्या आहेत. एखादी नोंद राहिली की अस्वस्थता येणे, मर्यादा ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी उपवास किंवा दुप्पट व्यायाम करणे, किंवा ‘आता दिवस वाया गेलाच’ म्हणून अनावर खाणे ही पुढची पायरी. एकादशी, चतुर्थीचे उपवास या काळात वाढत गेले, तर घरच्यांना त्यात श्रद्धाच दिसते आणि खरे कारण झाकले जाते. शरीराची चिन्हे म्हणजे पाळी चुकणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, उभे राहताना चक्कर येणे. वजन ‘सामान्य’ असतानाही ती येऊ शकतात.

एक-दोन आठवडे ॲप काढून टाकून पाहणे ही साधी चाचणी आहे. सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. दिवसागणिक धास्ती वाढत गेली, किंवा मनातल्या मनात बेरीज चालूच राहिली, तर ते दुर्लक्षू नये. दवाखान्यात यासाठी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ चाळणी वापरतात : पोट फार भरल्यावर मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का, तीन महिन्यांत सुमारे सहा किलोंहून अधिक वजन उतरले का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला लठ्ठ समजता का, आयुष्यावर अन्नाचेच राज्य आहे असे वाटते का. दोन किंवा अधिक होकार आले तर सविस्तर तपासणी करतात. पूर्वी खाण्याचा विकार झालेल्यांनी, वाढीच्या वयातील मुलामुलींनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही ॲप वापरू नयेत. बिघाडाची शंका आल्यास आहारतज्ज्ञाच्या जोडीने मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. चक्कर, छातीत धडधड किंवा वारंवार उलट्या होत असतील तर मात्र प्रथम फिजिशियनकडे जावे : नाडी, रक्तदाब, रक्तातील पोटॅशियम आणि ईसीजी यांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.