480 खोकी की 20 पॅलेट? आयातीच्या तीन कागदांच्या मेळामागची गोष्ट

न्हावाशेव्यात कंटेनर उतरायच्या आधीच सीएचए म्हणजे आयातदारासाठी कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटच्या टेबलावर तीन कागद येतात: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती. डाव्या हाताचं बोट एका कागदावर, उजव्या हातातली पेन्सिल दुसऱ्यावर, आणि एकेक आकडा जुळला की बारीक टिकमार्क. हेच काम आज सॉफ्टवेअरकडे जात आहे. पण 'जुळणं' म्हणजे नेमकं काय, हा वाद जुना आहे.

त्याची सुरुवात बँकांकडे झाली. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी. त्यावर पैसे देणारी बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. 1943च्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेला रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक हा इंग्लंडचा खटला यासाठी आजही वाचण्यासारखा आहे. डेन्मार्कच्या बँकेने उघडलेल्या क्रेडिटमध्ये 'कोरोमंडल शेंगदाणे' असं लिहिलेलं होतं. इन्व्हॉइसवर तेच शब्द होते, पण बीएलवर मात्र 'यंत्रावर सोललेले शेंगदाणे' असं आलं. लंडनच्या व्यापारात दोन्हींचा अर्थ एकच होता, तसा पुरावाही दिला गेला. तरीही बँकेने पैसे नाकारले आणि अपील कोर्टाने बँकेचीच बाजू घेतली: व्यापाऱ्यांची बोली बँकेला ठाऊक असायलाच हवी असं नाही.

या कडकपणामुळे बरेच कागद क्षुल्लक फरकावर परत जात. म्हणून 1 जुलै 2007 पासून लागू झालेल्या यूसीपी 600 या लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी स्पष्ट केलं की कागदांमधली माहिती तंतोतंत एकसारखी नसली तरी चालेल, पण ती परस्परविरोधी नको. मालाचं वर्णन इन्व्हॉइसमध्ये क्रेडिटप्रमाणे हवं. इतर कागदांत ते ढोबळ असलं तरी चालतं. माझ्या मते कागदांच्या मेळातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच.

दुसरा धक्का कंटेनरने दिला. पूर्वी गोण्या, पेट्या जहाजावर चढताना मोजल्या जात. आता कंटेनर कारखान्यातच सील होऊन येतो, आत काय आहे ते जहाज कंपनीला दिसत नाही. म्हणून बीएलवर 'सेड टू कंटेन' लिहिलं जातं, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून. बीएलचा आकडा असा ऐकीव झाला, आणि आतला माल खोक्यागणिक सांगण्याचं काम पॅकिंग लिस्टवर आलं.

एक नमुना घेऊ. इन्व्हॉइसमध्ये 4,800 नग आहेत. पॅकिंग लिस्ट सांगते: 480 खोकी, प्रत्येकात 10 नग, खोक्याचं निव्वळ वजन 12 किलो, एकूण वजन 12.5 किलो, म्हणजे निव्वळ 5,760 आणि एकूण 6,000 किलो. बीएलवर मात्र '20 पॅकेजेस, 6,400 किलो'. वरवर पाहिलं तर दोन्ही आकडे चुकलेले वाटतात. खरं तर खोकी 20 पॅलेटवर बांधली आहेत, आणि एक लाकडी पॅलेट 20 किलोचं आहे. 20 गुणिले 20 म्हणजे 400, तोच फरक.

हा फरक मात्र कागदावर दिसायला हवा. पॅकिंग लिस्टमध्ये '480 खोकी 20 पॅलेटवर' ही ओळ आणि पॅलेटचं वजन नसेल, तर पाठवणाऱ्याकडून ती दुरुस्त करून घ्यावी. जहाज कंपनी कस्टम्सला जहाजावरच्या मालाची जी यादी देते ती आयजीएम बीएलवरून भरली जाते, त्यामुळे तिथे पॅकेजेस 20च असतात. आयातदाराने कस्टम्सला द्यायच्या बिल ऑफ एंट्रीमध्ये कोणी 480 टाकले की आयजीएमशी मेळ बसत नाही आणि दुरुस्तीत दिवस जातो.

हे सगळं तपासणं आयातदारावर आलं ते 2011मध्ये, सेल्फ असेसमेंट म्हणजे आपलं शुल्क आयातदाराने स्वतःच ठरवण्याची पद्धत सुरू झाल्यावर. 2018च्या दुरुस्तीने माहितीच्या अचूकतेची जबाबदारी कस्टम्स कायद्यातच लिहून टाकली. म्हणूनच सीएचएकडून येणारी चेकलिस्ट, म्हणजे बिल ऑफ एंट्रीचा कच्चा मसुदा, नीट वाचूनच मंजूर करावी.

सॉफ्टवेअर पीडीएफमधून माहिती उचलतं तेव्हा दोन प्रकारच्या चुका होतात, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे वाचण्यातली चूक. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून काढलेला असतो. CSQU3054383 मधले 5 आणि 4 अदलाबदल होऊन CSQU3045383 झालं, तर हिशेबाने शेवटी 3 ऐवजी 1 यायला हवा, म्हणून चूक लगेच पकडली जाते. पण हिशेब बरोबर आला म्हणजे कंटेनर आपलाच, असं नाही. त्यासाठी बीएलशी ताडून पाहावंच लागतं.

दुसरी चूक तुलनेतली. पॅकिंग लिस्टचे 5,760 निव्वळ किलो बीएलच्या 6,400 एकूण किलोंशी भिडवले की खोटा इशारा मिळतो, आणि असे दहा इशारे आले की माणूस अकरावा, खरा इशाराही न वाचता पुढे ढकलतो. म्हणून उचललेल्या प्रत्येक आकड्यासोबत तो निव्वळ की एकूण, खोकी की पॅलेट, कुठल्या कागदातल्या कुठल्या रकान्यातला, हे नोंदवलेलं असावं लागतं.