शिल्लक किती आणि टिकाव किती

वरिष्ठांच्या रोजच्या अपमानाने पोखरलेली नोकरी, दुसरी हातात नसतानाही, सोडावी का, हा विचार करताना बहुतेक माणसे प्रथम एकूण बचतीचा आकडा काढतात आणि त्याला महिन्याच्या खर्चाने भागतात. मात्र शिल्लक आणि टिकाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिल्लक म्हणजे आपल्या नावावर असलेला सगळा पैसा. टिकाव म्हणजे पगार थांबल्यानंतर कोणताही हप्ता न चुकवता आणि कोणाहीपुढे हात न पसरता घर जितके महिने चालेल तो काळ. शिल्लक भरपूर दिसत असतानाही टिकाव तोकडा असू शकतो आणि चुकीचे निर्णय बहुधा याच फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

पुण्यातील खासगी कंपनीत काम करणाऱ्या एका गृहस्थाचे उदाहरण घेऊ. पत्नी अर्धवेळ नोकरी करून 18,000 रुपये आणते, मुलगी शाळेत आहे, आई सोबत राहते आणि तिला मधुमेह आहे. गृहकर्जाचा हप्ता, किराणा, वीज, औषधे आणि वार्षिक फीचा बारावा भाग धरून महिन्याचा खर्च 66,000 रुपये होतो, म्हणजे पत्नीचा पगार वजा केल्यावर 48,000 रुपये कमी पडतात. बचत खात्यात 70,000, मुदत ठेवीत 3 लाख, म्युच्युअल फंडात 1 लाख 90 हजार आणि भविष्य निर्वाह निधीत 4 लाख, अशी शिल्लक 9 लाख 60 हजार आहे. भागाकार केला तर वीस महिने निघतात आणि वीस महिने म्हटल्यावर कोणालाही राजीनामा लिहावासा वाटेल.

आता टिकाव काढू. नोकरी सुटल्यावर भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढता येतात हे खरे, पण तो म्हातारपणाचा पैसा आहे. शिवाय सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढल्यास त्यावर कर लागू शकतो. म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरतात 5 लाख 60 हजार. आईच्या अचानक उद्भवणाऱ्या आजारपणासाठी दीड लाख बाजूला ठेवले, तर 4 लाख 10 हजार.

यानंतर येतो आरोग्य विमा, आणि नेमका तोच अनेकांच्या लक्षात राहत नाही. कंपनीचे सामूहिक संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर अपघात वगळता पहिले तीस दिवस सहसा दावा करता येत नाही आणि आईच्या मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता आले, तर आधी पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी धरला जातो. म्हणून ही चौकशी राजीनाम्यापूर्वीच करावी. विम्याच्या हप्त्यासाठी 50,000 धरले की हाती 3 लाख 60 हजार उरतात, म्हणजे साडेसात महिने.

हे साडेसात महिनेही पूर्ण मोकळे नसतात. नवीन ठिकाणी रुजू झाल्यावर पहिला पगार यायला महिना लागतो आणि निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंत आणखी महिना जाऊ शकतो. म्हणजे साडेपाच महिन्यांच्या आत होकार मिळायला हवा. गृहकर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते कर्ज अनुत्पादित ठरवते, त्यामुळे शेवटच्या महिन्यात पाहू, असे म्हणण्याची सोय नाही.

राजीनाम्याची तारीखही टिकाव बदलते. या गृहस्थाची कंपनीतील सेवा चार वर्षे दहा महिने झाली आहे आणि सूचना कालावधी तीन महिन्यांचा आहे. तो पूर्ण केला तर पाच वर्षे भरतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्क निःसंशय मिळतो. मूळ पगार 40,000 असेल, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचे आणि पाच वर्षांनी गुणायचे. सुमारे 1 लाख 15 हजार रुपये होतात. म्हणजे आणखी दोन महिन्यांहून अधिक टिकाव. रागाच्या भरात आजच निघून गेला, तर हे पैसे धोक्यात येतात आणि करारात तशी तरतूद असल्यास न भरलेल्या सूचना कालावधीची वसुलीही अंतिम हिशेबातून होते.

तरीही तीन महिने काढणे सर्वांनाच शक्य नसते. झोप उडाली असेल, छातीत धडधड होऊन डॉक्टरांकडे जावे लागत असेल किंवा लैंगिक छळ होत असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी थांबू नये. अशा वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र देऊन वैद्यकीय रजा मागावी, छळाची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे द्यावी आणि सूचना कालावधी कमी करण्याची विनंती ईमेलने करावी. फक्त कामाचा ताण आणि अपमान असेल, तर सूचना कालावधीतच मुलाखती देता येतात आणि त्या काळातला पगारही मिळतो.

हा सगळा हिशेब पत्नीसमोर ठेवूनच पुढची तारीख ठरवावी, कारण तिचे 18,000 गृहीत धरले आहेत आणि तिची नोकरीही डळमळीत असेल, तर तूट 66,000 होऊन साडेसात महिन्यांचे साडेपाचच उरतात.