छत्तीस शब्दांच्या वाक्याची फोड

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर अशी सूचना लागली आहे: ‘ज्या शेतकऱ्यांनी अतिवृष्टीमुळे शेतात पाणी साचून कपाशीचे नुकसान झाल्याची सूचना पाणी साचल्यापासून ७२ तासांच्या आत दिली आहे, त्यांनी, शेत बटईने किंवा ठेक्याने केले असल्यास करारपत्र आणि स्वतःचे असल्यास सातबारा घेऊन, गुरुवारी सकाळी पंचनाम्यासाठी बांधावर हजर राहावे.’

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे ‘शेतकऱ्यांनी’ हा कर्ता वाचल्यावर त्याचे ‘दिली आहे’ हे क्रियापद हाती येईपर्यंत मधले तेरा शब्द डोक्यात तोलून धरावे लागतात. चावडीवर कोणी ही सूचना मोठ्याने वाचली, तर ऐकणाऱ्याला मागे वळून पाहण्याचीही सोय नसते.

‘कपाशीचे नुकसान झालेल्यांनी गुरुवारी हजर राहावे’ असे आटोपले, तर वाक्य सुटसुटीत होते. पण ७२ तासांची अट गळते आणि बटईदार कागदाविना येतो. म्हणून आधी क्रियारूपे मोजावीत. येथे ती आठ आहेत: साचून, झाल्याची, साचल्यापासून, दिली आहे, केले असल्यास, असल्यास, घेऊन, राहावे. फोड केल्यावर यांपैकी प्रत्येकाचा अर्थ कुठे गेला, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

खरी अडचण ‘ज्या… त्यांनी’ या जोडीत आहे. ती शेतकऱ्यांतून काहींना निवडते. तिचे सरळ विधान करून ‘शेतकऱ्यांनी सूचना दिली आहे. त्यांनी हजर राहावे.’ असे लिहिले, तर शब्द सारे राहतात, पण निवड नाहीशी होऊन सगळ्याच शेतकऱ्यांनी सूचना दिल्याचा अर्थ निघतो. माझ्या मते ही चूक शब्द गाळण्याहून वाईट, कारण ती सहज दिसत नाही. निवड टिकवण्यासाठी तिचा प्रश्न करावा:

‘गुरुवारी सकाळी कपाशीचा पंचनामा आहे. अतिवृष्टीमुळे शेतात पाणी साचून तुमच्या कपाशीचे नुकसान झाले आहे का? त्याची सूचना पाणी साचल्यापासून ७२ तासांच्या आत दिली आहे का? दोन्हींचे उत्तर हो असेल, तर बांधावर हजर राहा. शेत स्वतःचे असेल, तर सातबारा आणा. शेत बटईने किंवा ठेक्याने केले असेल, तर करारपत्र आणा.’

शब्द छत्तीसचे अठ्ठेचाळीस झाले, कारण ‘शेत’ आणि ‘आणा’ पुन्हा लिहावे लागले, आणि प्रश्न विचारला की त्याच्या उत्तराचे काय करायचे तेही सांगावे लागते. ‘पाणी साचून’ मात्र मी मुद्दाम तोडले नाही. ‘पाणी साचले. नुकसान झाले.’ असे केले, तर ‘-ऊन’ने सांगितलेले कारण हरवते, तोडायचेच असेल, तर मध्ये ‘त्यामुळे’ घालावे लागते. ‘असेल, तर’ ही जोडीही एकाच वाक्यात ठेवली आहे, कारण अट आणि तिचे फळ वेगळे केले की ‘करारपत्र आणा’ हा हुकूम सगळ्यांनाच लागू झाल्यासारखा वाटतो.