‘करावे’ की ‘मंजुरी बाकी’? इतिवृत्ताच्या एका फोटोतून निघणाऱ्या दोन याद्या

समितीची सभा संपते, सचिव वहीत इतिवृत्त लिहितात आणि त्या पानाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येतो. कोणीतरी उत्साहाने त्यावरून कामांची यादी करतं. महिन्याभराने कळतं, की यादीतलं एक काम सुरूच करायला नको होतं आणि दुसरं कोणाचंच नसल्यामुळे तसंच पडून राहिलं. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा सारखंच असतं. करायचं काम आणि मिळायची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी एकाच यादीत लिहिल्या गेलेल्या असतात.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: उद्या सकाळी कोणालाही न विचारता हे सुरू करता येईल का? येत असेल तर ते काम. आधी कोणाचा तरी होकार लागत असेल तर ती बाकी मंजुरी. कामासमोर करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, मंजुरीसमोर ती देणाऱ्याचं. ही नावं सहसा वेगळी असतात.

आता एक पान घेऊ. पान नमुन्याचं आहे, पण त्यातली वाक्यं कुठल्याही सोसायटीच्या वहीत सापडतील. संस्था ३८ सभासदांची. व्यवस्थापक समितीची सभा रविवार, १३ जुलै २०२५ ची. या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींप्रमाणे दुरुस्तीवर समितीला स्वतःच्या अधिकारात ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येतो, त्यावरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मान्यता लागते. ही मर्यादा सभासदसंख्येनुसार बदलते, म्हणून आपल्या संस्थेच्या उपविधींची प्रत जवळ ठेवूनच फोटो वाचायला बसावं.

आधी फोटोविषयी. वही उघडी ठेवून एका बाजूने घेतलेल्या फोटोत शिवणीजवळचा भाग वाकतो आणि तिथली अक्षरं सावलीत जातात. डावीकडच्या पानावर शिवणीजवळ ओळीचा शेवट येतो आणि मराठीत क्रियापद शेवटीच असतं. म्हणजे सगळा अर्थ ज्या शब्दावर ठरतो तोच नेमका अंधारात. ‘मंजुरी देण्यात आली’ आणि ‘मंजुरी देण्यात यावी’ यांत ‘आली’ की ‘यावी’ एवढाच फरक. पहिल्या वाक्यात मंजुरी मिळालेली आहे, दुसऱ्यात ती मागितलेली आहे. ही शेवटची दोन अक्षरं दिसत नसतील तर अंदाज करू नये. वही खिडकीजवळ सपाट धरून, वरून सरळ दुसरा फोटो मागवावा. समोरचं पानही हवं, कारण अध्यक्षांची सही आणि अर्धवट राहिलेला ठराव बऱ्याचदा तिकडे असतो.

आकड्यांचंही तसंच. वहीत मराठी आणि इंग्रजी अंक सरमिसळ लिहिले जातात. घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा. म्हणून रक्कम फोटोवरून उतरवली तरी कोटेशनच्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की धरायची नाही.

आता पानातला सगळ्यात अवघड ठराव:

‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. तीन कोटेशन वाचून दाखवण्यात आली. सर्वांत कमी, रु. १,८४,०००/- च्या कोटेशनला सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. सर्वसाधारण सभेच्या मान्यतेस अधीन राहून काम सुरू करावे. सूचक बी-३०४, अनुमोदक ए-१०२.’

घाईने वाचणारा ‘सर्वानुमते मंजुरी’ आणि ‘काम सुरू करावे’ एवढंच टिपतो आणि लिहितो: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जबाबदारी बी-३०४ आणि ए-१०२. या एका ओळीत दोन चुका आहेत.

पहिली चूक ‘सर्वानुमते’ या शब्दाची. हे एकमत समितीचं आहे, सोसायटीचं नाही. रक्कम ५०,००० च्या वर आहे आणि ठरावातच ‘मान्यतेस अधीन’ लिहिलेलं आहे. समितीने कोटेशन निवडलं, एवढंच झालं. कंत्राटदाराला वर्क ऑर्डर देणं हे अजून कोणाचंही काम नाही. ‘काम सुरू करावे’ हे आज्ञार्थी वाक्य असलं, तरी त्याच्या आधीच्या तीन शब्दांनी ते थांबवून ठेवलं आहे. एकच ओळ वाचायची झाली तर ‘अधीन’, ‘नंतर’, ‘मिळाल्यास’, ‘पाहून’ असे अटीचे शब्द आधी शोधावेत आणि क्रियापद मागाहून पाहावं.

दुसरी चूक सूचक-अनुमोदकांची. ही मी स्वतः केलेली आहे. ठरावाच्या शेवटी नावं दिसली की ती जबाबदार व्यक्तींची वाटतात, कारण पानावर तेवढीच नावं असतात. पण सूचकाने ठराव मांडला आणि अनुमोदकाने त्याला दुजोरा दिला, इतकाच त्याचा अर्थ. काम त्यांच्या गळ्यात पडत नाही. मी एका सभासदाचं नाव असंच टाकीच्या दुरुस्तीसमोर लिहिलं होतं. ते वयस्कर गृहस्थ दोन आठवडे प्लंबर शोधत होते, आणि ज्यांनी ते करायचं होतं त्यांना वाटत होतं की काम दुसऱ्याकडे गेलं. नाव चुकलं की काम दोनदा बुडतं. जबाबदारी फक्त तिथे लिहावी जिथे ‘यांनी करावे’, ‘यांच्याकडे सोपवण्यात आले’ किंवा ‘पाहतील’ अशा शब्दांनी ती दिलेली आहे.

मग या ठरावातून निघतं काय? बाकी मंजुरी एक: गच्चीच्या कामाचा १,८४,००० रुपयांचा खर्च, मंजुरी देणार सर्वसाधारण सभा. आणि तिच्यासाठी लागणारी कामं, जी आज सुरू करता येतात: हा विषय सभेच्या विषयपत्रिकेत घालणं, तिन्ही कोटेशनचा तुलनात्मक तक्ता करणं आणि निवडलेल्या कंत्राटदाराला दर किती दिवस टिकेल ते लेखी विचारणं. ठरावात यातल्या कशासमोरही नाव नाही. विषयपत्रिका आणि सूचना काढणं हे सचिवांचंच असतं, म्हणून तिथे ‘सचिव’ लिहिता येतं. तक्ता कोण करणार हे मात्र कोऱ्या रकान्यात ‘नाव विचारायचे’ असं लिहून ठेवायचं. कोरा रकाना बरा, कारण तो दिसतो आणि कोणीतरी भरतो.

मंजुरीला तारीखही असते आणि ती उलटी मोजावी लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिच्या सूचनेसाठी पूर्ण १४ दिवस लागतात. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. सभा रविवार, १४ सप्टेंबरला ठेवली तर सूचना उशिरात उशिरा ३० ऑगस्टला सभासदांच्या हाती पडायला हवी. पण २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या आठवड्यात निम्म्या दारांना कुलूप असतं, लोक कोकणात गेलेले असतात. म्हणून यादीत सचिवांसमोर ३० नाही, २४ ऑगस्ट लिहायचं. इतकी वाट पाहणं परवडणारं नसेल तर पूर्ण ५ दिवसांच्या सूचनेवर विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. जुलैत मात्र त्याची फारशी निकड नाही. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग टिकत नाही, काम पावसाळ्यानंतरच होणार. तोवर गळक्या भागावर ताडपत्री बांधणं हे मर्यादेतल्या खर्चाचं वेगळं काम आहे. समितीने तसं ठरवलं असेल तरच ते यादीत येईल. फोटोत नसलेलं काम शहाणपणाचं वाटलं तरी आपण घालायचं नाही.

याच पानावर त्याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे. ‘पंपाची मोटर जळाल्याने तातडीने दुरुस्त करण्यात आली, खर्च रु. १८,५००/-. कार्योत्तर मंजुरी देण्यात यावी.’ इथे काम संपलेलं आहे आणि मंजुरी बाकी आहे. कामांच्या यादीत हे येणारच नाही, आणि एकच यादी केली तर ‘झालं’ अशी खूण होऊन ते कायमचं नजरेआड जाईल. मग हिशेब तपासणीच्या वेळी ठराव कुठे आहे असा प्रश्न येतो. रक्कम मर्यादेत असल्यामुळे मंजुरी समितीच देऊ शकते, म्हणून मंजुरीच्या यादीत: मोटरचा खर्च, देणार व्यवस्थापक समिती, पुढची सभा. इथे ‘यावी’ ऐवजी ‘आली’ असतं तर काहीच उरलं नसतं. तो दुसरा फोटो मागवायचा तो यासाठी.

तिसरा ठराव सी-२०१ चा. त्यांना संडास-बाथरूमची जागा बदलायची आहे. ‘इंजिनिअरचा अहवाल पाहून सचिवांनी परवानगी द्यावी.’ ‘सचिवांनी द्यावी’ हे कामासारखं वाचलं जातं, पण सचिव उद्या सकाळी ते करू शकत नाहीत, हातात अहवालच नाही. म्हणून अहवाल आणून देणं हे सी-२०१ चं काम, आणि परवानगी ही सचिवांकडची बाकी मंजुरी, त्या अहवालावर अडकलेली. दोन्ही ओळींना एकमेकींचा क्रमांक द्यावा, म्हणजे सी-२०१ ने ‘सोसायटी परवानगी देत नाही’ म्हटलं तर गाडी कुठे थांबली आहे ते दाखवता येतं.

उरलेलं झटपट होतं. ‘लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचं नूतनीकरण खजिनदार पाहतील’ हे काम, नावासह; तारीख लिहिलेली नाही म्हणून करार कधी संपतो ते खजिनदारांना विचारून भरायचं. ‘पाण्याच्या टाक्या साफ करून घ्याव्यात’ हे काम, नाव नाही. ‘पार्किंगबाबत चर्चा झाली’ यातून काहीच निघत नाही, कारण चर्चेत निर्णय नाही. फार तर पुढच्या सभेसाठी शिल्लक विषय म्हणून टीप ठेवावी. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ ही मंजुरी झालेली आहे, ती कुठेच लिहायची नाही.

त्या शेवटच्या वाक्यामुळे एक गोष्ट मात्र नक्की करावी. १३ जुलैचं हे पान स्वतः अजून कायम झालेलं नाही, ते पुढच्या सभेत वाचलं जाईल आणि तिथे एखादी दुरुस्ती होऊ शकते. म्हणून याद्यांच्या माथ्यावर सभेची तारीख आणि ‘इतिवृत्त कायम होणे बाकी’ असं लिहून याद्या आधी सचिवांना पाठवाव्यात, ग्रुपवर नंतर. त्यांनी वही समोर ठेवून नावांचे कोरे रकाने भरले, की दोन्ही याद्या शेजारी शेजारी टाकायच्या: डावीकडे कामं, करणाऱ्याचं नाव आणि तारीख, उजवीकडे मंजुऱ्या, देणारा आणि ती कशावर अडली आहे. गच्चीची ओळ सप्टेंबरच्या सभेपर्यंत उजवीकडेच राहील. सभेने होकार दिला, की त्या दिवशी ती डावीकडे येईल आणि वर्क ऑर्डर देणाऱ्याचं नाव तिच्यासमोर पहिल्यांदा लिहिलं जाईल.