बहिणीच्या सहीचा छेद कुठला?

मागच्या दिवाळीनंतर एलएल.एम.ची एक विद्यार्थिनी प्रबंधाचा आराखडा घेऊन आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यातली मुलगी. विषय होता वडिलोपार्जित शेतीत मुलींचा हक्क. हाताशी सोळा आठवडे आणि चाळीस प्रश्नांचा एक गूगल फॉर्म. "सर, नुसते निकाल वाचून लिहिलं तर ते संशोधन वाटत नाही. सर्व्हे केला की जरा शास्त्रीय होतं," ती म्हणाली.

हा गैरसमज तिच्या एकटीचा नाही. पाय-चार्ट हा हल्लीच्या प्रबंधांचा ताईत झाला आहे. गळ्यात बांधला की परीक्षक बाधत नाही, अशी श्रद्धा आहे. पण टक्का काढायला अंश लागतो तसा छेदही लागतो, आणि फॉर्म भरणाऱ्या शंभर ओळखीच्या लोकांना छेद म्हणत नाहीत.

आधी कायदा बघू. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6 ने मुलीला मुलासारखंच जन्मतः सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनची वाटेकरी, केलं. महाराष्ट्राने हे 1994 मध्येच केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. मग वाद असा उभा राहिला की 2005 च्या त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा का? 2015 च्या प्रकाश विरुद्ध फुलवती निकालात सर्वोच्च न्यायालय हो म्हणालं. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी नाही म्हटलं, आणि तो प्रश्न तिथे मिटला.

हे जे आत्ता केलं, म्हणजे कायद्याचा मजकूर घेणं, निकाल क्रमाने लावणं, कोणता अजून उभा आहे आणि कोणता पडला ते ठरवणं, त्यालाच डॉक्ट्रिनल पद्धत म्हणतात. तिचा प्रश्न असतो 'कायदा काय आहे?' एम्पिरिकल म्हणजे अनुभवाधारित पद्धत विचारते, 'गावात काय घडतं?' पहिलीचं उत्तर ग्रंथालयात मिळतं. दुसरीचं तलाठ्याच्या दप्तरात आणि लोकांच्या ओसरीवर शोधावं लागतं.

आमच्याकडे काय घडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेला की बहिणी तेरवीला येतात, आणि पुढे कधीतरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करतात. "जमीन घेतली तं माहेर तुटते," असं कोणतीही म्हातारी सांगेल. सही करणारी बहीण कोर्टात जात नाही. म्हणून उच्च न्यायालयाचे निकाल कितीही वाचले तरी 'किती बहिणी हक्क सोडतात' हे त्यांतून कळणार नाही. निकालात फक्त भांडलेल्या बहिणी भेटतात.

मग मोजायचं कसं? मला मनापासून आवडतो तो भाग इथे आहे, थोडा वेळ देऊन वाचा. खातेदार वारला की वारस अर्ज देतात. तलाठी नोंद घेतो, नोटीस काढतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हा पहिला फेरफार, त्यात मुलींची नावं चढतात. पुढे हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की दुसरा फेरफार होतो आणि नावं उतरतात. आता तुम्ही फक्त आजचा सातबारा पाहिलात तर त्यावर भावांचीच नावं दिसतील. पण बहिणीचं नाव कधी चढलंच नाही, की चढून उतरलं? सातबारा दोन्ही वेळी सारखाच दिसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या बहिणीचा हक्क शाबूत असू शकतो, दुसरीने तो नोंदणीकृत दस्ताने सोडलेला आहे.

म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून करायची नाही, मृत्यूपासून करायची. ठरवलेल्या गावांत ठरवलेल्या वर्षांत मयत झालेले सगळे हिंदू खातेदार घ्यायचे. त्यांतले ज्यांना मुलगी होती ते आपला छेद. त्यांचे पुढचे फेरफार लावायचे आणि प्रत्येक घर तीनपैकी एका खणात टाकायचं: नाव आहे, चढून उतरलं, चढलंच नाही. अडचण तिसऱ्या खणात येते. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात मुलगीच लपवली असेल तर दप्तरात ती जन्मलेलीच नसते. त्या घराची वंशावळ बाहेरून, म्हणजे शेजाऱ्यांकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून, ताडून घ्यावी लागते. ते केलं नाही तर सर्वांत अन्याय झालेल्या बहिणीच तुमच्या छेदातून गळतात आणि टक्का चांगला दिसू लागतो.

आणि आकडा किती पक्का? समजा साठ घरं मिळाली आणि त्यांतल्या बेचाळीस घरांत नाव चढून उतरलं, म्हणजे 70 टक्के. नमुना चिठ्ठ्या टाकून निवडला असेल तर नेहमीच्या सूत्राने, 1.96 × √(0.7 × 0.3 ÷ 60), चूक सुमारे 12 टक्के निघते. म्हणजे खरं प्रमाण 58 ते 82 मध्ये कुठेही असू शकतं. साठही घरं एकाच गावातली असतील तर हे उत्तर त्या गावाचं झालं, विदर्भाचं नाही. एकाच गावात एकच दस्तलेखक आणि एकच रीत, त्यामुळे साठ घरं साठ स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत.

का सोडला, हे विचारायचं तर मुलाखती आल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते, बाया दिवसभर शेतात. संध्याकाळी गाठावं तर भाऊ खाटेवर बसलेला. त्याच्यासमोर बहीण "राजीखुशीने दिलं" याशिवाय काय सांगणार? तिला तिच्या सासरी वेगळं गाठायचं म्हणजे दुसरा तालुका, दुसरी एस.टी.

सोळा आठवड्यांचा हिशेब मांडला. जुने फेरफार अभिलेख कक्षातून मिळवायला अर्ज, नकला, हेलपाटे, यात पाच-सहा आठवडे सहज जातात. वंशावळी ताडायला चार. उरलेल्यात मुलाखती, विश्लेषण आणि लेखन. बसत नाही. "मग थोडं हे, थोडं ते करू?" तिने विचारलं. माझ्या मते हा सगळ्यांत वाईट पर्याय. चार प्रकरणं निकालांची आणि पाचव्यात फॉर्मचे रंगीत गोळे, ज्यांचा आधीच्या चारांशी संबंध नाही.

शेवटी आम्ही प्रश्न बदलला. विनीता शर्मा निकालात एक फट आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली वाटणी कायद्याने वाचवली आहे, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. नुसत्या तोंडी पुराव्यावरची वाटणी चालणार नाही. अपवादात्मक प्रसंगी सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर तोंडी वाटणीही मानता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. आमच्या भागात वाटण्या बहुतेक तोंडीच, आणि आधाराला असतो तो फेरफार. दुसरीकडे फेरफाराने मालकी ठरत नाही, तो सारावसुलीपुरता असतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेलं आहे. मग बहिणीविरुद्ध तो किती वजनाचा?

हा प्रश्न सोळा आठवड्यांत मावतो. ऑगस्ट 2020 नंतरचे नागपूर खंडपीठाचे, विनीता शर्माचा आधार घेतलेले आणि तोंडी वाटणीचा बचाव असलेले सगळे निकाल घ्यायचे. शोधाचे शब्द आणि तारीख लिहून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याने तोच शोध घेतला तर तेच निकाल सापडतील. प्रत्येक निकालाची एक ओळ: वाटणीचं साल, कागद कोणता, त्याला वजन दिलं का, आणि ते वजन निकालाचा पाया होतं की जाता जाता मारलेला शेरा. हा शेवटचा रकाना भरताना विद्यार्थी हमखास चुकतात. शेऱ्याला नियम समजून उद्धृत करतात. ओळखायचं असं: ते वाक्य खोडून पाहा. निकाल तोच राहिला, तर तो शेराच होता.

तिने फॉर्म बंद केला. पहिल्या आठवड्यात शोधात जे निकाल आले, त्यांतल्या बऱ्याच निकालांत तोंडी वाटणीचा मुद्दाच नव्हता. ते गाळून रकाने भरायला बसली, तेव्हा एका निकालावर अडकली. फेरफार 2003 चा होता, पण त्यावर बहिणींना नोटीस बजावल्याची नोंद नव्हती. "सर, याला कोणत्या खणात टाकू?" तिने वहीत आणखी एक रकाना आखला: नोटीस.