एकच चिप, दोन यंत्रं: जड गेमसाठी टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का?

२०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो आणि त्याच वर्षीचा १४ इंची मॅकबुक प्रो, दोन्हींत ॲपलची एम४ चिप मिळते. दोन्हीकडे ग्राफिक्सचे कोअर १०. मिनिटभराच्या बेंचमार्कमध्ये दोघांचे आकडे जवळपास येतात. मग जड गेमसाठी टॅबलेटच घ्यावा, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे, कारण अशा बेंचमार्कमध्ये चिप तापायच्या आत चाचणी संपते आणि गेम तासभर चालतो.

पण उष्णतेच्याही आधी तुमचा गेम तिथे आहे का, हे बघा. पीसीवरचे बहुतेक मोठे गेम विंडोज आणि इंटेल-एएमडीचे एक्स८६ प्रोसेसर धरून लिहिलेले असतात. मॅकवर रोझेटा २ ही सोय एक्स८६ चा कोड ॲपलच्या चिपला कळेल असा बदलून देते आणि क्रॉसओव्हरसारखं सॉफ्टवेअर विंडोजच्या मागण्या मॅकपर्यंत पोचवतं. त्यामुळे विंडोजचे बरेच गेम मॅकवर चालवता येतात. सगळे नाहीत. फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर असलेले बरेच ऑनलाइन गेम तिथेही अडतात, आणि तुमची यादी अशाच गेमची असेल तर विंडोज लॅपटॉपच घ्यावा लागेल.

आयपॅडवर हा मार्ग जवळजवळ बंद आहे. अशा रूपांतरात नवा कोड मेमरीत तयार करून लगेच चालवावा लागतो आणि आयपॅडओएस साध्या ॲपना तशी परवानगी देत नाही. चिप कितीही ताकदवान असली तरी हा अडसर हटत नाही. म्हणून तिथे चालतात ते आयपॅडसाठी वेगळे बांधलेले गेम: ‘रेसिडेंट ईव्हिल ४’, ‘डेथ स्ट्रँडिंग’, ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ वगैरे. यादी खरी आहे, पण छोटी आहे. अँड्रॉइड टॅबलेटवर विनलेटर या ॲपने विंडोजचे जुने, हलके गेम चालतात. नव्या जड गेमसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

आता उष्णता. मॅकबुक प्रोमध्ये पंखा आहे, तो गरम हवा बाहेर फेकतो. आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा असून त्यात पंखा नाही. उष्णता बाहेर जाते ती पाठीच्या पत्र्यातून, आणि तो पत्रा हातात धरायचा असल्यामुळे फार तापू देता येत नाही. मर्यादा आली की चिप स्वतःचा वेग उतरवते.

याचा परिणाम आकड्यांत बघू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, थंड यंत्रावर एक दृश्य १४ मिलिसेकंदांत तयार होतं. ग्राफिक्सचा वेग चौथाईने उतरला की त्याच दृश्याला साधारण १८.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ५३ च्या आसपास फ्रेम. सात फ्रेम गेल्या, एवढंच नाही: काही फ्रेम वेळेत येतात, काही चुकतात, म्हणून कॅमेरा फिरवताना चित्र अडखळतं. अशा वेळी गेममध्ये ३० फ्रेमची मर्यादा लावलेली बरी. ३३.३ मिलिसेकंद मिळाल्यावर चित्र सलग दिसतं आणि यंत्रही कमी तापतं.

हे स्वतः तपासायला एक जड दृश्य निवडा, तिथे गेम सेव्ह करा आणि यंत्र थंड असताना दोन मिनिटं खेळून बघा. मग अर्धा तास सलग खेळून त्याच सेव्हवर परत या. आता चित्र अडखळत असेल किंवा स्क्रीन आपोआप मंद झाली असेल, तर कारण उष्णता आहे. कव्हर काढून, स्टँडवर ठेवून, कंट्रोलरने खेळल्यास पाठ मोकळी राहते आणि फरक पडतो.

चार्जरचाही इथे संबंध येतो. १३ इंची आयपॅड प्रोची बॅटरी सुमारे ३९ वॉट-तासांची आहे, १४ इंची मॅकबुक प्रोची ७२.४ ची. सगळा खर्च १५ वॉट धरला तर टॅबलेट अडीच तासांच्या थोडा पुढे जाईल. चार्ज करत खेळलं तर चार्जिंगची उष्णता वर मिळते, म्हणून आधी पूर्ण चार्ज करून मग खेळायला बसणं चांगलं.

मेमरीतही फरक आहे. एम४ आयपॅड प्रोच्या २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये रॅम ८ जीबी असते, १६ जीबी हवी तर १ टीबीचं मॉडेल घ्यावं लागतं. मॅकबुक प्रोची सुरुवातच १६ जीबीपासून होते. ही मेमरी ग्राफिक्सलाही वापरावी लागते, म्हणून ८ जीबीवर टेक्स्चरची पातळी उतरवावी लागू शकते.

गेम दुसरीकडे चालवून फक्त चित्र टॅबलेटवर आणणं हा तिसरा मार्ग. घरात चांगला पीसी असेल तर त्याचं चित्र आणणारं स्टीम लिंक ॲप, नसेल तर एनव्हिडियाच्या सर्व्हरवर गेम चालवणारी जीफोर्स नाऊ ही सेवा. १०८० पी, ६० फ्रेमसाठी जीफोर्स नाऊ २५ एमबीपीएस वेग मागतं. पीसी केबलने राउटरला जोडा आणि टॅबलेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. गोष्टीच्या गेमसाठी हे छान चालतं, पण नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये बटण दाबल्यापासूनचा उशीर जाणवतो आणि तो टॅबलेटची चिप कमी करू शकत नाही.